लग्नपत्रिकेचे तीन फॉन्ट: मेधा वाचलंत की मेघा?

पानगळ
सोमवार, रात्री १०.१२

बहिणीचं लग्न आहे आणि पत्रिकेचं काम माझ्या गळ्यात पडलंय. मजकूर ठरला, कागद ठरला, फॉन्टवर येऊन गाडी अडली. डिझाइन करणाऱ्या मुलीने तीन नमुने पाठवलेत. चित्रं खाली जोडली आहेत, पण काहींना ती उघडत नाहीत म्हणून शब्दांत सांगते.

नमुना १: रोझा वन. जाड रेघ भरपूर जाड, बारीक रेघ अगदी केसासारखी. नावांच्या अक्षरांत मोकळी जागा सोडलीय, त्यामुळे राजेशाही दिसतं. मला हाच आवडलाय.

नमुना २: तिरो देवनागरी मराठी. साधा, नीटस. मेधा म्हणते, "पुस्तकाचं पान वाटतंय, लग्न कुठेय यात?" बाबांना हाच हवा आहे.

नमुना ३: सुलेखनासारखा फॉन्ट. नाव माहीत नाही, डिझायनरच्या संग्रहातला जुना आहे. शिरोरेषा जवळजवळ नाहीच, लांब लांब शेपट्या. आई यावर फिदा आहे.

तिन्हींत नावं ४० पॉइंटला आणि बाकी मजकूर १३ला, सारखंच ठेवलंय, म्हणजे तुलना बरोबर होईल. कार्ड ५ बाय ७ इंच, उभं. हेच चित्र फोनवरूनही पाठवणार आहोत.

नावं: मेधा आणि ह्रषीकेश. आडनावं इथे देत नाही, पण मुलाच्या आडनावात 'ऱ्ह' आहे. तारीख रविवार, २९ नोव्हेंबर २०२६. वेळ सकाळी ११ः१५.

कोणता घ्यावा?

---

खिडकीतला_पाऊस
सोमवार, रात्री १०.३१

तीन! बघताक्षणी तीन. पहिला एखाद्या मासिकाच्या मुखपृष्ठासारखा वाटतो आणि दुसरा शाळेच्या दाखल्यासारखा. लग्न एकदाच होतं हो.

पण तुमच्या बहिणीचं नाव मेघा ना? वर एका ठिकाणी मेधा लिहिलंय.

---

पानगळ
सोमवार, रात्री १०.३८

नाव मेधाच आहे. ध, धनुष्याचा.

चित्र बघून म्हणताय की माझं लिखाण वाचून?

---

खिडकीतला_पाऊस
सोमवार, रात्री १०.४०

तिसरं चित्र बघून. अरे बापरे.

---

स्क्रीनशॉट
सोमवार, रात्री ११.०५

लागला निकाल. शिरोरेषा नसलेला फॉन्ट देवनागरीत वाचताच येत नाही, म्हणून तीन बाद. एक किंवा दोन घ्या आणि झोपा.

आणि आकडे इंग्रजी टाका. २९ लोकांना २१ वाटतो. 29 कुणालाच 21 वाटत नाही.

---

टाईपकेस
मंगळवार, सकाळी ७.२०

पंचवीस वर्षं छापखान्याच्या आगेमागे काढलीत, त्यातली बरीचशी पत्रिकांच्या प्रुफावर डोळे फोडण्यात. तेव्हा थोडं सविस्तर लिहितो.

पानगळ, तुलना बरोबर व्हावी म्हणून तुम्ही तिन्ही फॉन्ट सारख्या पॉइंटला ठेवलेत आणि घोळ तिथेच झालाय. पॉइंट हे अक्षराचं माप नाही, अक्षर ज्या चौकटीत बसतं त्या चौकटीचं आहे. त्यात वरची वेलांटी, रफार आणि खालचे उकार यांची जागाही धरलेली असते, आणि ती किती धरायची हे फॉन्ट करणारा ठरवतो. तिसऱ्याला लांब शेपट्या आहेत, म्हणून त्याचं मूळ अक्षर चौकटीत आक्रसून बसलंय. तुमचं चित्र मोठं करून 'म' मोजला. शिरोरेषेपासून पायापर्यंत तिसऱ्याचा 'म' दुसऱ्याच्या पाऊणपटच भरतो. म्हणजे तीन नंबर अर्धा सामना आधीच हरलाय, आणि त्यात त्याचा दोष नाही.

डिझायनरला सांगा, पॉइंट विसर, तिन्हींतला 'म' सारख्या उंचीचा कर आणि पुन्हा पाठव. मग बोलू.

दुसरं म्हणजे रोझा वनच्या नावांत सोडलेली मोकळी जागा काढायला सांगा. रोमन अक्षरं सुटी असतात, त्यांना ती चालते. आपली अक्षरं शिरोरेषेने एकमेकांना धरलेली असतात, जागा सोडली की प्रत्येक अक्षरानंतर रेघ तुटते. नुसतं वाईट दिसलं असतं तर मी बोललो नसतो. पण तुमच्या नावात 'ध' आहे, आणि 'ध' ओळखला जातो तो मुळी तुटलेल्या शिरोरेषेवरून. घ-ध आणि म-भ या जोड्या शेजारी लिहून बघा. 'घ' आणि 'म' डोक्यावरून पूर्ण झाकलेले असतात, 'ध' आणि 'भ' डावीकडे उघडे असतात आणि तिथे एक छोटी गाठ असते. वाचणारा ती फट शोधत असतो. तुम्ही सगळीकडे फटी पाडल्यात तर खरी फट कोणती हे त्याने कसं ओळखायचं?

स्क्रीनशॉट, तुमचं अर्धं बरोबर आहे. शिरोरेषेशिवाय वाचता येतच नाही असं नाही. गुजराती रोज तशीच छापली जाते, आणि आपल्यातले निम्मे लोक घाईत बिनरेघेचंच लिहितात. रेघ काढली की फट जाते, मग 'ध'चा सगळा भार त्या गाठीवर येतो. गाठ ठसठशीत काढलेली असेल तर निभावतं. या तिसऱ्या फॉन्टात ती गाठ नुसती टिंबाएवढी आहे.

---

पानगळ
मंगळवार, सकाळी ९.४५

टाईपकेसकाका, धन्यवाद. 'म' मोजण्याचं तर डोक्यातच आलं नसतं. डिझायनरला कळवलंय.

तोवर ऑफिसमध्ये सहा जणांना तिन्ही नमुने दाखवले. तिसरा दाखवला तेव्हा एकजण मेघा म्हणाला. एक आणि दोन सगळ्यांनी बरोबर वाचले. म्हणजे तिसराही तसा वाईट नाही ना? सहात एकच चुकला.

---

रेघोटी
मंगळवार, सकाळी १०.३०

कोणत्या क्रमाने दाखवले?

---

पानगळ
मंगळवार, सकाळी १०.३३

एक, दोन, तीन. का?

---

रेघोटी
मंगळवार, सकाळी १०.५१

कारण पहिल्या दोनांत त्यांनी 'मेधा' वाचून घेतलं होतं. तिसऱ्याच्या वेळी डोळे वाचत नव्हते, आठवण वाचत होती. असं असूनही एकजण चुकला याचीच मला जास्त काळजी वाटते.

मी पाट्यांचं काम करते. आमच्याकडे एका माणसाला एकच नमुना दाखवतात. हातभर अंतरावर धरायचा, मनात तीन आकडे मोजायचे, काढून घ्यायचा आणि विचारायचं, कुणाचं लग्न, कधी, किती वाजता. तो जे म्हणेल ते तसंच लिहून घ्यायचं. चुकला तर लगेच दुरुस्त करायचा नाही, नाहीतर पुढच्या प्रश्नाला तो सावध होतो. आणि माणूस घरचा नको, मेधाला ओळखणारा कुणीच नको.

---

सुमनांजली
मंगळवार, दुपारी १२.१५

मला तरी मजकुराची सुरुवात फार कोरडी वाटली. दोन ओळी कवितेच्या घाला ना वर. माझ्याकडे चारपाच तयार आहेत, हव्या तर इथेच देते.

---

पानगळ
मंगळवार, दुपारी १२.४०

सुमनांजलीताई, मजकूर ठरलाय हो, आता त्याला हात लावला तर घरात युद्ध होईल. फक्त फॉन्टचं विचारतेय.

---

मध्यमपदलोपी
मंगळवार, दुपारी १.०५

फॉन्टकडे वळण्याआधी एक. वराचं नाव तुम्ही ह्रषीकेश लिहिलंय. ते हृषीकेश हवं. ह ला ऋकार, ह ला र जोडलेला नाही. तुमच्या तिन्ही चित्रांतही तेच आहे, म्हणजे डिझायनरने तुमचाच मजकूर उचललाय.

```
ह + ृ      →  हृ
ह + ् + र  →  ह्र
```

१३ पॉइंटला दोन्ही जवळजवळ सारखे दिसतात, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. ४० पॉइंटला मुलाकडच्यांच्या नक्की येईल. आणि हो, वेळेत ११ नंतर तुम्ही विसर्ग टाकलाय.

---

पानगळ
मंगळवार, दुपारी १.१२

अरे देवा. हृषीकेश, हृषीकेश, हृषीकेश. आता दहा वेळा लिहिते. मुलाच्या वडिलांना पहिला मसुदा गेलाय आणि ते काहीच बोलले नाहीत, बहुतेक सभ्यपणा.

विसर्ग कुठला? ते तर वेळेचं चिन्ह आहे.

---

मध्यमपदलोपी
मंगळवार, दुपारी १.२०

मराठी कीबोर्डवर विसर्ग हाताशी असतो, म्हणून सगळे तोच दाबतात. 'दुःख'मधला विसर्ग तो हाच. त्याला वेगळी जागा आणि वेगळा आकार असतो, काही फॉन्टांत तो दोन पोकळ गोळ्यांसारखा येतो. मग ११ आणि १५च्या मध्ये दोन शून्यं एकावर एक उभी असल्यासारखी दिसतात. सरळ पूर्णविराम द्या, ११.१५. किंवा 'सव्वाअकरा' लिहा, ते तर चुकीचं वाचणं अवघड आहे.

---

आजोबा_ऑनलाईन
मंगळवार, दुपारी ४.००

आमच्या नातवाच्या पत्रिकेत आडनावातला ऱ्ह चक्क रफार होऊन छापून आला होता. र्‍ह च्या जागी ह वर रफार. ऐंशी कार्डं हाताने पांढऱ्या शाईने दुरुस्त केली, ती आणखी वाईट दिसली. पानगळबाई, त्या तिसऱ्या फॉन्टात ऱ्ह आहे का, हे आधी बघा. जुन्या फॉन्टांत नसतो.

---

टाईपकेस
मंगळवार, सायंकाळी ६.१०

आजोबा, दोन शक्यता असतात. एकतर फॉन्टात ते अक्षर नाही, किंवा टंकणाऱ्याने साधा र घेतला. बहुतेक वेळा दुसरंच असतं आणि शिव्या फॉन्टाला बसतात.

```
ऱ + ् + ह  →  ऱ्ह
र + ् + ह  →  र्ह
```

पानगळ, तुमच्या चित्रांत दुसऱ्या नमुन्यात ऱ्ह नीट आलाय, पहिल्यात आणि तिसऱ्यात रफार झालाय. मजकूर एकच असता तर तिन्हींत एकसारखा रफार आला असता. म्हणजे दुसऱ्यासाठी डिझायनरने वेगळं टंकलंय. तिसऱ्याचं कारण उघड आहे. तो जुन्या पद्धतीचा फॉन्ट आहे, युनिकोडचा नाही. त्यात मजकूर चिकटवता येत नाही, सगळं पुन्हा टंकावं लागतं, आणि पुन्हा टंकताना पुन्हा चुका होतात. दुसऱ्यात बरोबर आलंय म्हणून तिसऱ्याचं प्रुफ नुसतं चाळू नका. तिथे प्रत्येक अक्षर नव्याने वाचा.

तिरोच्या नावात 'मराठी' आहे ते उगाच नाही. त्याचं हिंदीसाठी वेगळं भावंड आहे. मराठीच्या फॉन्टात ल आणि श आपल्या वळणाचे मुळातच घातलेले आहेत. इतर काही फॉन्टांत ही रूपं आत असतात, पण प्रोग्रॅममध्ये मजकुराची भाषा मराठी निवडल्याशिवाय बाहेर येत नाहीत. बाबांना दुसरा का आवडला हे त्यांना कदाचित सांगता येणार नाही, पण लहानपणापासून वाचलेला ल तिथे आहे.

---

स्क्रीनशॉट
मंगळवार, रात्री ९.३०

बरं, शिरोरेषेचं मागे घेतो. पण इंग्रजी आकड्यांवर ठाम आहे. सगळ्यांना कळतात. देवनागरी १ तर नवी पोरं 9 समजतात आणि ४ ला 8. डोळ्यांनी बघितलंय.

---

रेघोटी
मंगळवार, रात्री ९.५५

ही अडचण खरी आहे. पण मग पत्रिकेत दोन लिप्या होतात, आणि देवनागरी फॉन्टासोबत येणारे रोमन आकडे कधी उंच, कधी बुटके असतात. ओळीत डोकं वर काढून बघणाऱ्या मुलासारखे दिसतात.

मला विचाराल तर आकडे कोणतेही घ्या, वार आणि महिना अक्षरांत असू दे. तुमच्याच तारखेवर बघा. कुणी २९चे २१ वाचले तर? २१ नोव्हेंबर २०२६ला शनिवार येतो आणि २९ला रविवार. पत्रिकेवर 'रविवार' ठळक असेल तर २१ वाचणारा कॅलेंडरशी अडखळेल आणि पुन्हा बघेल. नुसतं २९.११.२०२६ छापलंत तर अडखळायला काहीच नाही, आणि त्यात १ आणि ९ शेजारीशेजारी गर्दी करून बसलेत.

---

टाईपकेस
बुधवार, सकाळी ७.०५

वाराचं रेघोटींनी चांगलं सांगितलं. आकड्यांत मात्र मी देवनागरीच्या बाजूचा, पण आंधळेपणाने नाही. १ आणि ९ यांच्यात वाचणारा गाठ कुठे आहे आणि शेपूट कुठे जातं हे बघतो. सुलेखनी फॉन्टांत शेपटांना वळणं देण्याची हौस असते आणि नेमकी हीच खूण मोडते. शिवाय ५, ८ आणि ९ यांची दोन-दोन रूपं चालतात. तुमच्या पाहुण्यांना सवयीचं रूप फॉन्टात आहे का, एवढं बघा.

आता रोझा वन. पानगळ, तो तुम्हाला आवडलाय, म्हणून जरा जपून सांगतो. तो मथळ्यांचा फॉन्ट आहे, मोठ्या आकारासाठीच केलेला. ४० पॉइंटला त्याची बारीक रेघ जेवढी आहे, तिचा साधारण तिसरा हिस्सा १३ पॉइंटला उरतो. कागदावर ती तुटक येईल. सोनेरी फॉइल करणार असाल तर दोन्हीकडून मार आहे. बारीक रेघेवर फॉइल नीट बसत नाही आणि अक्षरांच्या पोटातल्या छोट्या जागा मात्र भरून निघतात. 'ध'ची गाठ ही अशीच एक छोटी जागा. फॉइलचा एक ठसा तुमच्याच कागदावर मागा आणि भिंगाने ती गाठ उघडी आहे का बघा. स्क्रीनवरून यातलं काहीही कळत नाही.

आणि फोन. कार्ड ५ इंच रुंद, फोनचा पडदा साधारण २.७ इंच. चित्र पूर्ण पडद्यावर बसलं की १३ पॉइंटचे उरले ७. तुमच्या पाहुण्यांपैकी किती जण बोटांनी मोठं करून बघणार?

---

पानगळ
बुधवार, सकाळी ८.३०

नाही करणार. माझे काका चष्मा शोधण्याऐवजी मला फोन करतात.

फॉइल करणार होतो, सगळ्याच मजकुरावर. आता फक्त नावांना.

---

खिडकीतला_पाऊस
बुधवार, सकाळी ११.१०

तुम्ही सगळे वाचनीयतेचंच बोलताय. मूडचं काय? पत्रिका हातात आल्यावर आधी आनंद वाटायला हवा, मग तारीख. दुसऱ्या नमुन्यात नावं नुसती ओळीत उभी आहेत, हजेरी दिल्यासारखी.

---

रेघोटी
बुधवार, दुपारी १२.२०

पटतंय. पण मूड सगळ्या मजकुराने कशाला वाहायचा? पत्रिकेत मोठं काय दिसतं, तर दोन नावं. तिथे नटा. पत्ता वाचताना कुणाला मूड नको असतो, पत्ता हवा असतो.

मूडवरून आठवलं. मागे एकीने यत्र वन लावला होता. सुंदर फॉन्ट आहे, पण तो मुंबई लोकलच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून केलाय. तिने नावं लावली आणि घरात सगळे म्हणायला लागले, ही गाडी कुठल्या फलाटावर येणार? तिला कारण कळेना. अक्षरांना भूतकाळ असतो, वाचणाऱ्याला तो सांगता येत नसला तरी जाणवतो.

---

टाईपकेस
बुधवार, सायंकाळी ५.४५

खिडकीतला_पाऊस यांचं म्हणणं टाकाऊ नाही. रेघोटी म्हणतात तसं नावं सजलेली, बाकी सगळं शांत. तिरोबाबत एक अडचण आधीच सांगतो. त्यात ठळक वजन नाहीच, साधं आणि तिरपं एवढंच आहे. डिझायनर प्रोग्रॅमकडून खोटा ठळकपणा देईल. ते करू देऊ नका, त्याने रेघा सगळीकडून फुगतात आणि अक्षरांची पोटं बुजतात. तारीख उठून दिसायला हवी तर आकार वाढवा आणि वर-खाली हवा सोडा. दोन ओळींत जागाही सढळ ठेवा, नाहीतर वरच्या ओळीतला 'हृ' खालच्या ओळीतल्या रफाराच्या डोक्यावर बसतो.

---

पानगळ
शुक्रवार, रात्री १०.५०

अहवाल घेऊन आलेय.

डिझायनरने 'म' सारखा करून, मोकळी जागा काढून आणि नावं दुरुस्त करून तिन्ही नमुने नव्याने दिले. ऑफिसच्या दुसऱ्या मजल्यावर आमच्या ओळखीचं कुणी नाही, तिथे बारा जण गाठले. एकाला एकच नमुना, म्हणजे प्रत्येक नमुन्याला चार जण. फोनवर, पूर्ण चित्र, मनात तीन आकडे.

नमुना १: चौघांनीही मेधा वाचलं. मोकळी जागा काढल्याचा परिणाम असावा. पण दोघांना वेळ वाचताच आली नाही, एकजण म्हणाला, "खाली काहीतरी राखाडी आहे."

नमुना २: चौघांचं सगळं बरोबर. एकीने विचारलं, "ही व्याख्यानाची पत्रिका आहे का?" मेधा जिंकल्यासारखी हसली.

नमुना ३: चारपैकी तिघे मेघा. एकाने २१ वाचलं. एकाने वर्षाकडे बघितलंच नाही. पण चौघांनाही न विचारता 'छान आहे' म्हणावंसं वाटलं. बाकी आठांपैकी कुणीच तसं म्हणालं नाही.

आता खरी पंचाईत आहे.

---

रेघोटी
शुक्रवार, रात्री ११.१५

चौघांवरून आकडेवारी काढू नका, पण चारात तिघे एकच चूक करतात तेव्हा ती वाचणाऱ्याची नसते. अर्थात मेघा हे नाव कानावरून जास्त जातं, त्यामुळे शंका आली की लोक तिकडेच झुकतात. मेधाला हे बारशापासून पुरणारं दुखणं आहे.

---

टाईपकेस
शनिवार, सकाळी ६.५५

पंचाईत कसली? आईंचा नमुना ठेवा, फक्त फॉन्ट म्हणून नको, चित्र म्हणून. दोन नावं त्या फॉन्टात लिहून अक्षरांचे आकार करून घ्यायचे, मग ती टंकलेली अक्षरं राहत नाहीत, रेखाटन होतं. त्यानंतर 'ध'ची गाठ हाताने मोठी करायची, साधारण दुप्पट, आणि 'मे'कडून येणारं शेपूट तिच्या आधी थांबवायचं, म्हणजे डावीकडे स्वच्छ फट दिसेल. एकाच अक्षराचं काम आहे. बाकी सगळं, तारखेसकट, तिरोत.

आकार करून घेण्याआधी मात्र नावं तीन जणांकडून तपासून घ्या. एकदा रेखाटन झालं की काना-मात्रा दुरुस्त करायला पुन्हा पहिल्यापासून यावं लागतं.

---

स्क्रीनशॉट
शनिवार, सकाळी १०.२०

तारीख तिरोत म्हणजे तारीख कोपऱ्यात गेली. मी तर तारीखही नावांच्याच फॉन्टात, तेवढीच मोठी घेतली असती. लोक फ्रिजवर पत्रिका लावतात ती नावासाठी नाही, तारखेसाठी.

---

टाईपकेस
शनिवार, सकाळी १०.४५

मोठी करा, माझी ना नाही. पण त्या फॉन्टात नको. 'ध'ची गाठ दुरुस्त केली तशी तिथे १ आणि ९ची शेपटंही दुरुस्त करत बसावं लागेल, आणि २९.११मध्ये ती तीन आहेत.

---

स्क्रीनशॉट
शनिवार, सकाळी १०.४७

म्हणूनच म्हणतोय, इंग्रजी आकडे.

---

पानगळ
सोमवार, रात्री ९.३०

नवा नमुना जोडलाय. नावं तिसऱ्या फॉन्टात, 'ध' दुरुस्त करून, सोनेरी. बाकी तिरो, तारीख २० पॉइंटला, 'रविवार' वेगळ्या ओळीत. वेळ 'सकाळी ११.१५'. 'सव्वाअकरा' बाबांना आवडलं होतं, पण मुलाकडच्यांना आकडाच हवाय.

शनिवारी चार नवी माणसं गाठली. चौघांनी मेधा म्हटलं. एकाने हृषीकेशला ऋषिकेश वाचलं, पण त्याच्या मित्राचं ते नाव आहे म्हणे, तेव्हा त्याला सोडून दिलं. तारीख चौघांची बरोबर.

आई म्हणते 'ध'ला सूज आल्यासारखी दिसतेय. मला दिसत नाही, की आता मला फक्त गाठच दिसते ते कळत नाही. तुम्हाला काय वाटतं?

---

खिडकीतला_पाऊस
सोमवार, रात्री ९.४१

थोडी सुजलीय. पण मेधाच वाचलं.

---

रेघोटी
सोमवार, रात्री ९.५८

दुप्पट जरा जास्त झालं. दीडपट करून बघा, आणि गाठीऐवजी फट थोडी रुंद करा. फोनवर फट आधी दिसते.

---

टाईपकेस
मंगळवार, सकाळी ७.१०

फोनवर, हो. फॉइलमध्ये मात्र दीडपट गाठ भरून जाईल अशी शंका आहे. ठसा आला का?

---

पानगळ
मंगळवार, सकाळी ८.०२

गुरुवारी येतोय, दीडपट आणि दुप्पट दोन्हींचा. भिंग शेजारच्यांकडून आणून ठेवलंय.